बिनपगारी रजा आणि विनापरवाना गैरहजेरी: पगार दोन्हीकडे कापला जातो, मग फरक कुठे?

बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा संपत आलेली असते आणि नेमकं तेव्हाच सांभाळायला येणार असलेल्या सासूबाई न्हाणीघरात घसरून पडतात, किंवा ठरलेल्या बाई दुसरीकडे लागतात. अशा वेळी बऱ्याच जणी मनाशी हिशेब करतात: पगार कापतील, कापू देत, महिनाभर नाही गेले तर काय होणार? साहेबांना व्हॉट्सॲप केलेलं असतं, त्यांचा अंगठाही आलेला असतो. म्हणजे रजा झालीच, असं वाटतं.

झालेली नसते. बिनपगारी रजा म्हणजे कंपनीने आधी मंजूर केलेली अनुपस्थिती. विनापरवाना गैरहजेरी म्हणजे मंजुरीशिवाय न येणं. पगाराच्या स्लिपवर दोन्हींचा आकडा सारखाच येतो, म्हणून गोंधळ होतो. भविष्यनिर्वाह निधीतही दोन्ही सारख्याच दिसतात, कारण पगार नाही तर वर्गणी नाही. फरक पडतो तो नोकरीवरच्या हक्कात.

मातृत्व रजेत असताना कायदा बाईच्या पाठीशी असतो. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने या रजेच्या काळात तिला कामावरून काढायला मनाई केली, 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा 26 आठवड्यांची केली, आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हीच चौकट घेतली आहे. पण हे संरक्षण त्या रजेपुरतं आहे. सांभाळायला कोणी नाही म्हणून वाढवून मागितलेले दिवस त्यात बसत नाहीत. ते देणं-न देणं कंपनीच्या हातात असतं. बाळंतपणामुळे उद्भवलेल्या आजारासाठी महिनाभराची भरपगारी जादा रजा कायद्यात आहे, पण तिला वैद्यकीय पुरावा लागतो. सासूबाईंचं हाड मोडलं म्हणून आपल्या नावाचं खोटं सर्टिफिकेट आणायच्या भानगडीत पडू नये. पुढे चौकशी झाली तर तीच कागदपत्रं अंगावर येतात.

एक उदाहरण धरू. रजा 1 डिसेंबर ते 31 मे, म्हणजे बरोबर 182 दिवस. हजर व्हायचं 1 जूनला, सोमवारी. मेच्या शेवटच्या आठवड्यात सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन होतं. जवळच्या पाळणाघरात जागा आहे, पण 15 जुलैपासून. शिल्लक अर्जित रजा बारा दिवस. शनिवार-रविवार सुट्टी असेल तर ही रजा 16 जूनपर्यंत पुरते. मग खऱ्या अर्थाने बिनपगारी मागायचे ते 17 जून ते 14 जुलै, अठ्ठावीस दिवस. मधल्या सुट्ट्याही सहसा त्यात मोजल्या जातात. महिना 45,000 रुपये पगार असेल आणि कंपनी महिन्याच्या दिवसांनी भागत असेल, तर जूनचे 21,000 आणि जुलैचे साधारण 20,300 रुपये जातील. पगार नसेल त्या महिन्यात मेडिक्लेमचा आपला हप्ता कशातून कापणार, हेही आधीच विचारून घ्यावं.

आता तीच बाई अर्ज न करता घरी राहिली तर? पगाराचं नुकसान निदान तेवढं होईलच, उलट शिल्लक रजाही तिच्या खात्यातून आपोआप वापरली जाणार नाही. त्यातच हजेरीच्या पोर्टलवर तिच्या नावापुढे ‘एलडब्ल्यूपी’, म्हणजे बिनपगारी रजा, याऐवजी ‘ॲबसेंट’ पडत जाईल. दोन गोष्टी ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच. ज्यांना आदर्श स्थायी आदेश, म्हणजे कामाच्या अटींचे सरकारने ठरवून दिलेले नमुना नियम, लागू आहेत अशा कामगारांच्या बाबतीत, मंजूर रजा संपल्यावर आठ दिवसांत परतून समाधानकारक कारण दिलं नाही तर नेमणुकीवरचा हक्क जातो, अशी तरतूद त्या आदेशांत आहे. वरच्या पदांवर नेमणूकपत्रातलं कलम चालतं, आणि ‘इतके दिवस न कळवता गैरहजर राहिल्यास नोकरी सोडली असं समजण्यात येईल’ हे वाक्य त्यात बहुतेक वेळा असतंच. सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली डी. के. यादव खटल्यात सांगितलं की असा नियम असला तरी कामगाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याचं नाव परस्पर काढता येत नाही. आधार मोठा आहे, पण तो कोर्टात जाऊन मिळवायचा. सहा महिन्यांचं मूल कडेवर घेऊन कोणाला ती हौस?

ग्रॅच्युइटीच्या बाबतीत लोक उगाच जास्त घाबरतात. रजेने सलग सेवा तुटत नाही. विनापरवाना गैरहजेरीनेही ती आपोआप तुटत नाही. त्यासाठी नियमांप्रमाणे सेवाखंडाचा आदेश काढावा लागतो. पण असा आदेश निघू शकतो तो गैरहजेरीवर, मंजूर रजेवर नाही.

म्हणून अर्ज ईमेलने, साहेब आणि एचआर दोघांनाही, आणि 1 जूनच्या आधी. मजकूर इतकाच पुरे:

‘माझी मातृत्व रजा 31 मे रोजी संपते. बाळाला सांभाळणार असलेल्या माझ्या सासूबाईंचं 24 मे रोजी खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे ठरलेली व्यवस्था होऊ शकत नाही. पाळणाघरात 15 जुलैपासून प्रवेश निश्चित केला आहे, पावती जोडली आहे. 1 ते 16 जून अर्जित रजा आणि 17 जून ते 14 जुलै बिनपगारी रजा मंजूर करावी. मी 15 जुलैला हजर होईन. पूर्ण रजा शक्य नसल्यास या काळात घरून काम करण्यास तयार आहे. कृपया लेखी कळवावे.’

यात जोर आहे तो परतण्याच्या तारखेवर आणि पावतीवर. ‘व्यवस्था होईपर्यंत रजा द्यावी’ असा अर्ज आला की एचआरला त्यात राजीनाम्याची चाहूल लागते. घरून कामाचा उल्लेखही उगाच नाही. कामाचं स्वरूप तसं असेल तर मातृत्व रजेनंतर दोघांच्या संमतीने घरून काम देता येईल, असं कायद्यातच म्हटलं आहे. आणि कंपनीत पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय करणं हे कंपनीचं कर्तव्य आहे. ती सोय नसेल तर अर्जात नम्रपणे विचारावं: कंपनीचं पाळणाघर कुठे आहे, बाळाला तिथे कधीपासून आणता येईल? भांडण न करता या एका प्रश्नाने रजा मंजूर व्हायला बरीच मदत होते, असं माझं मत.

अजून एक बारीकशी गोष्ट, पण घोटाळे इथेच होतात. अर्जात सध्याचा पत्ता द्यावा. बाळंतीण सांगलीला माहेरी असते आणि कंपनीची नोटीस पोस्टाने पुण्याच्या भाड्याच्या घरी जाते. पाकीट ‘दार बंद’ असा शेरा घेऊन परत येतं, आणि आम्ही कळवलं होतं असं कंपनी फाइलवर नोंदवून ठेवते. नोटीस हाती पडली तर, कितीही राग आला तरी, तिच्यात दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यायचं, अर्जाची प्रत जोडायची आणि परतण्याची तारीख पुन्हा लिहायची.

उत्तरच आलं नाही तर शांततेला होकार समजू नये. 30 मेला आठवण करणारा मेल टाकावा. स्पष्ट नकार आला तर निवड उरते दोनच: 1 जूनला कशीबशी हजेरी लावून आठवडाभराची रजा समोरासमोर मागायची, त्या दिवसापुरतं बाळ शेजारच्या काकूंकडे ठेवून का होईना, नाहीतर नोटीस पिरियडचा हिशेब करून रीतसर राजीनामा द्यायचा. राजीनामा दिलेल्या बाईला अनुभवपत्र मिळतं. ‘गैरहजर’ म्हणून नाव निघालेल्या बाईला मात्र तेच पत्र मागायला महिनोन्‌महिने फेऱ्या माराव्या लागतात.