स्प्रेडशीटमधील बहुस्तरीय व रंगानुसार क्रमवारी

स्प्रेडशीटमधील नोंदी एकाहून अधिक रकान्यांतील मूल्यांच्या किंवा सेलला दिलेल्या रंगाच्या आधारे नव्याने मांडण्याची क्रिया. ज्या रकान्याच्या आधारे मांडणी होते त्याला येथे ‘निकष’ म्हटले आहे. पहिल्या निकषावर दोन नोंदी समान ठरल्या तरच दुसरा निकष लागू होतो, आणि दुसऱ्यावरही त्या समान ठरल्या तर तिसरा. या क्रियेत निवडलेल्या पट्ट्यातील, म्हणजे सेलच्या सलग चौकोनी गटातील, सेल जागा बदलतात. पट्ट्याबाहेरचे शेजारी रकाने मात्र जागचे हलत नाहीत, आणि बहुतेक गंभीर चुका याच ठिकाणी होतात.

अनेक निकषांनी क्रम लावण्याच्या दोन वेगळ्या परंपरा दाखवता येतात. पहिली शब्दकोशाची. तीत आधी पहिल्या अक्षराने गट पडतात, मग प्रत्येक गटात दुसरे अक्षर पाहिले जाते. दुसरी परंपरा छिद्रित कार्डांची, म्हणजे छिद्रे पाडून माहिती नोंदवलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांची गणनयंत्रे वापरली गेली. त्या यंत्राला जोडलेल्या पेटीचे योग्य झाकण उघडे आणि कार्ड हाताने त्या कप्प्यात टाकावे लागे. आपोआप वर्गीकरण करणारी यंत्रे विसाव्या शतकाच्या आरंभी वापरात आली. असे यंत्र एका फेरीत कार्डावरील एकाच रकान्यानुसार वर्गीकरण करी. त्यामुळे तीन अंकी क्रमांकाने कार्डे लावायची तर ती यंत्रातून तीनदा काढावी लागत, आणि आरंभ एकक स्थानापासून, म्हणजे सर्वांत कमी महत्त्वाच्या रकान्यापासून, होई. ही उलटी रीत यशस्वी होण्यास एकच अट असते : समान ठरलेल्या कार्डांचा आधीच्या फेरीतील आपसातला क्रम पुढच्या फेरीत मोडता कामा नये. हा गुण असलेल्या क्रमवारीला ‘स्थिर’ क्रमवारी म्हणतात. एकक स्थानापासून आरंभ करण्याची युक्ती नेमकी कोणाची हे ठरवणे कठीण असून ती यंत्रचालकांच्या रोजच्या सरावातून रूढ झाली असावी. संगणकासाठी तिची मांडणी हॅरोल्ड सीवर्ड यांनी १९५४ मध्ये केली. स्प्रेडशीटची खिडकी निकष शब्दकोशाच्या क्रमाने, महत्त्वाचा आधी, असे विचारते. तरीही तिचे कूळ कार्डांच्या परंपरेशी जोडणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण दोन्हींत मांडणी नोंदींची होते आणि निकष त्या नोंदीच्या रकान्यांतून घेतला जातो.

या दोहोंत एक मूलभूत फरक मात्र आहे. कार्ड ही एक सलग वस्तू होती. त्यावरील सर्व रकाने एकाच पुठ्ठ्यावर असल्याने एक रकाना पुढे जाऊन दुसरा मागे राहणे अशक्य होते. स्प्रेडशीटमधील ओळीला अशी अंगभूत एकसंधता नाही. एका ओळीत शेजारी-शेजारी असलेले सेल एकाच नोंदीचे आहेत, हे वापरणाऱ्याला ठाऊक असते. प्रणालीला ते फक्त निवडलेल्या पट्ट्यावरून कळते. १९८३ च्या लोटस १-२-३ या स्प्रेडशीट प्रणालीत क्रमवारीपूर्वी पट्टा वापरणाऱ्याने स्वतः सांगावा लागे. त्यानंतर मुख्य व दुय्यम निकष दिले जात. एक्सेल हा पट्टा बहुधा स्वतःच अंदाजाने ठरवते.

एक्सेलमध्ये २००३ च्या आवृत्तीपर्यंत निकषांची मर्यादा तीन होती. चौथा हवा असेल तर कार्डांचीच रीत वापरावी लागे : आधी कमी महत्त्वाच्या रकान्यांनी क्रम लावायचा, नंतर महत्त्वाच्या. २००७ च्या आवृत्तीत मर्यादा ६४ झाली आणि रंगानुसार क्रमवारीही त्याच आवृत्तीत आली. `Sort` खिडकीतील `Sort by` हा पहिला निकष असतो, `Add Level` दाबले की `Then by` अशी पुढची ओळ येते. प्रत्येक निकषाची दिशा स्वतंत्र असते. रिकामे सेल चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही क्रमांत शेवटीच जातात.

पुढील पाच नोंदींची यादी A ते D रकान्यांत असून शीर्षक पहिल्या ओळीत आहे.

| क्रम | विभाग | नग | एका नगाचे वजन, किलो |
|---|---|---|---|
| १ | यंत्रे | ४ | ३० |
| २ | साहित्य | २० | २ |
| ३ | यंत्रे | १० | १२ |
| ४ | साहित्य | ५० | १ |
| ५ | यंत्रे | ४ | २५ |

विभाग चढत्या आणि नग उतरत्या क्रमाने लावल्यास नोंदी ३, १, ५, ४, २ अशा येतात. १ आणि ५ या नोंदी दोन्ही निकषांवर समान असल्याने त्यांचा मूळ क्रम टिकतो. त्यांच्यातही क्रम हवा असल्यास वजन हा तिसरा निकष द्यावा लागतो. मूळ यादी न हलवता हाच निकाल दुसरीकडे मिळवायचा असेल, तर नव्या आवृत्त्यांत पुढील सूत्र चालते. त्यात 1 म्हणजे चढता आणि -1 म्हणजे उतरता क्रम.

```
=SORTBY(A2:D6,B2:B6,1,C2:C6,-1)
```

आता समजा, वापरणाऱ्याने A ते C हे तीनच रकाने निवडले आणि तीच क्रमवारी लावली. D रकाना जागेवरच राहतो. एकच रकाना निवडला आणि शेजारी माहिती असली तर एक्सेल `Sort Warning` ही सूचना दाखवते. तीत `Expand the selection` हा पर्याय शेजारचे रकाने सोबत घेतो आणि `Continue with the current selection` ते मागे ठेवतो. एकाहून अधिक रकाने निवडले असता मात्र ही सूचना येत नाही, कारण वापरणाऱ्याने पट्टा विचारपूर्वक निवडला असे गृहीत धरले जाते. गूगल शीट्समध्ये `Sort range` ही आज्ञा निवडलेल्या पट्ट्यापुरतीच चालते आणि अशी सूचना देत नाही. एकही पट्टा न निवडता एका सेलवर उभे राहून क्रमवारी लावल्यास एक्सेल भोवतालची सलग माहिती धरते. त्या माहितीची हद्द पहिल्या पूर्ण रिकाम्या रकान्यापाशी संपते. छपाईत मोकळे दिसावे म्हणून मधे सोडलेला रिकामा रकाना असा कुंपण ठरतो, आणि त्यापलीकडचे रकाने सूचनेविना मागे राहतात.

चुकीच्या क्रमवारीनंतर C मध्ये १०, ४, ४, ५०, २० आणि D मध्ये पूर्वीचेच ३०, २, १२, १, २५ असतात. नगांची बेरीज आधी ८८ होती, आताही ८८ आहे. वजनांच्या रकान्याची बेरीज ७० होती, तीही तशीच आहे. कोणतेही मूल्य नाहीसे झालेले नाही, कमाल-किमान बदललेले नाही, नोंदींची संख्या पाचच आहे. म्हणून रकान्यांच्या बेरजा जुळवून पाहण्याची नेहमीची तपासणी येथे पूर्णपणे निरुपयोगी ठरते. बिघडलेली असते ती केवळ जोडणी, आणि ती पाहायची तर दोन रकाने एकत्र मोजले पाहिजेत, म्हणजे प्रत्येक ओळीतील नग आणि वजन यांचा गुणाकार करून त्या गुणाकारांची बेरीज घेतली पाहिजे :

```
=SUMPRODUCT(C2:C6,D2:D6)
```

मूळ यादीत हे सूत्र ४३० देते, योग्य क्रमवारीनंतरही ४३०च देते, कारण ओळी हलल्या तरी जोड्या तुटत नाहीत. चुकीच्या क्रमवारीनंतर उत्तर ९०६ येते. हा आकडा क्रमवारीपूर्वी टिपून ठेवला असेल तर चूक तत्काळ उघड होते. या उदाहरणातील आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चौथी नोंद नव्या मांडणीतही चौथ्याच ठिकाणी आल्याने तिचे ५० नग आणि १ किलो हे बरोबरच दिसतात. एखादी ओळ उचलून मूळ कागदाशी ताडून पाहणाऱ्याच्या हाती नेमकी तीच आली, तर सारे ठीक असल्याचा समज होतो.

रंगानुसार क्रमवारीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. रंगाला मूल्यासारखा चढता-उतरता क्रम नसतो. `Sort On` मध्ये `Cell Color` निवडून एक रंग सांगायचा आणि तो `On Top` की `On Bottom` हे ठरवायचे, अशी रीत आहे. लाल, मग पिवळा, मग बिनरंगी असे हवे असल्यास लाल आणि पिवळ्यासाठी एकेक निकष लागतो. उरलेल्या ओळी आपल्या आधीच्या क्रमाने खाली राहतात. प्रत्येक रंगाच्या आत नगांनुसार मांडणी हवी असेल तर नगांचा निकष रंगांच्या निकषांनंतर द्यावा. डोळ्यांना सारख्या वाटणाऱ्या दोन पिवळ्या छटा प्रणालीच्या दृष्टीने दोन वेगळे रंग असतात. रंगांच्या यादीत दोन पिवळे चौकोन दिसले तर कोणीतरी दुसऱ्या छटेने रंगवले आहे, असे समजावे. गूगल शीट्समध्ये रंगाची क्रमवारी फिल्टरच्या यादीतील `Sort by color` मधून लागते.

रंग ओळीचा नसून सेलचा असतो. निकषाच्या रकान्यातील सेलचाच रंग पाहिला जातो, शेजारच्या रकान्याचा नाही. हाताने भरलेला रंग सेलसोबत प्रवास करतो. त्यामुळे अर्धवट पट्ट्याच्या क्रमवारीत लाल खूण आपल्या नोंदीच्या मागे राहिलेल्या भागापासून तुटते आणि निदान डोळ्यांना खटकण्याची शक्यता असते. सशर्त स्वरूपणाने, म्हणजे ठरवून दिलेली अट पुरी होताच सेल आपोआप रंगवणाऱ्या सोयीने, आलेला रंग अधिक फसवा असतो, कारण तो दर वेळी नियमाने पुन्हा ठरतो. C रकान्याला `=$D2>20` असा नियम असेल, तर जोड्या तुटल्यावरही D मध्ये ज्या ओळीत २० पेक्षा अधिक वजन उरले आहे त्याच ओळीचा C रंगतो. रंग नियमाशी तंतोतंत जुळतो आणि चूक झाकली जाते. म्हणून रंगाचा अर्थ, उदाहरणार्थ ‘पडताळणी बाकी’, वेगळ्या रकान्यात शब्दांत लिहून त्यावर क्रमवारी लावणे अधिक विश्वसनीय आहे. शिवाय रंगावरून मोजणी करणारे साधे सूत्र एक्सेलमध्ये नाही, शब्दांवरून मोजणी सहज होते.

सूत्रे असलेल्या रकान्यांबाबत थोडक्यात : आपल्याच ओळीतील सेल पाहणारे सूत्र क्रमवारीत सुरक्षित असते, तर वरच्या ओळीतून शिल्लक पुढे ओढणारे सूत्र नव्या जागी नव्या शेजाऱ्याची शिल्लक घेते. लपवलेल्या ओळी एक्सेलमध्ये हलत नाहीत, म्हणून त्या आधी उघडाव्यात. पट्टा टेबल म्हणून जाहीर केला आणि शीर्षकातील बाणाने क्रम लावला तर टेबलातील ओळी अखंड हलतात.

चूक लगेच लक्षात आल्यास Ctrl+Z पुरेसे असते. फाइल बंद झाल्यानंतर दुरुस्ती क्रम रकान्यावर अवलंबून राहते. वरील उदाहरणात क्रम हा हललेल्या तीन रकान्यांतच असल्याने तेच तीन रकाने पुन्हा निवडून क्रमाने चढते लावले की D शी जोड्या पूर्ववत होतात आणि `SUMPRODUCT` पुन्हा ४३० दाखवते. मात्र दरम्यान चारही रकान्यांवर एखादी पूर्ण क्रमवारी लागली असेल तर D चाही मूळ क्रम मोडतो, आणि चुकीची क्रमवारी कोणत्या निकषांनी लागली होती हे ठाऊक नसेल तर त्यानंतर फाइलच्या आतून जोड्या परत मिळत नाहीत. जुनी प्रत शोधावी लागते.