बीटा डबल झाला नाही की!

"सर, दोन दिवसांत डबल व्हायला पाहिजे होतं म्हणे. झालं नाही की!"

खानापूरकडचा एक तरुण लॅबच्या काउंटरवर दोन रिपोर्ट शेजारी ठेवून उभा होता. बायकोची पाळी चुकून दीड आठवडा झाला होता. घरच्या पट्टीवर दोन रेघा आल्या होत्या, पण कपड्याला थोडा डाग लागत होता, म्हणून डॉक्टरांनी 'बीटा एचसीजी' ही गर्भारपणाची रक्ततपासणी करायला सांगितलं. गर्भ ठीक असेल तर तिचा आकडा दोन दिवसांत डबल व्हायलाच पाहिजे, अशी समजूत आहे. बेळगावात गेली कित्येक वर्षं मी रक्ततपासणीच्या यंत्रांशेजारी बसतो, आणि हा 'डबल' शब्द मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो. तो अगदी चुकीचा नाही, पण जितका बरोबर आहे तितकाच गोंधळात टाकणारा आहे. त्या जोडप्याची ओळख लपवून, आकडे थोडे गोल करून, हे प्रकरण सांगतो.

सोमवारी सकाळी नऊला आमच्याकडे आकडा आला 420. त्याच संध्याकाळी सूनबाई माहेरी गडहिंग्लजला गेल्या. बुधवारी सकाळी नऊला तिथल्या एका लॅबमध्ये दुसरी तपासणी झाली, आकडा 690. रिपोर्टच्या खाली आठवड्यांचा तक्ता छापलेला होता. पाचव्या आठवड्यासमोर 18 पासून 7340 पर्यंत! या दोन टोकांत आपला आकडा शोधून कुणाला काय कळणार?

एकट्या आकड्यात अडचण काय आहे, ते आधी पाहू. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की त्याच्या बाहेरच्या थरातल्या पेशी एचसीजी नावाचं संप्रेरक रक्तात सोडू लागतात. अंडाशयात जिथून बीज बाहेर पडलं, तिथे एक पिवळसर गाठ उरते, तिला पीतपिंड म्हणतात. एचसीजीचा तिला निरोप असा, की तू वाळू नकोस, प्रोजेस्टेरॉन बनवत राहा. तो निरोप मिळाला नाही तर पाळी येते. हे संप्रेरक अल्फा आणि बीटा अशा दोन तुकड्यांचं बनलेलं असतं. अल्फा तुकडा थायरॉइडला चालना देणाऱ्या टीएसएचमध्ये आणि आणखी दोन संप्रेरकांतही जसाच्या तसा असतो. बीटा तुकड्यावरून मात्र एचसीजी त्यांच्यातून वेगळं काढता येतं, म्हणून तपासणी बीटाची.

आता बीज नेमकं कधी सुटलं आणि गर्भ कधी रुजला, हे पाळीच्या तारखेवरून नक्की सांगता येत नाही. एखादीचं बीज पाच दिवस उशिरा सुटतं. अशी बाई कागदावर 'पाच आठवडे' असली, तरी तिचा गर्भ पाच दिवसांनी लहान असतो, आणि पाच दिवसांत आकडा चौपट-पाचपट होऊ शकतो. त्यामुळे 420 हा आकडा एकीसाठी उत्तम, तर दुसरीसाठी काळजीचा. नुसतं 420 पाहून त्या दोघींतली कुठली आपल्यासमोर आहे, हे कुणालाच सांगता येणार नाही.

मला या तपासणीतला सगळ्यात देखणा भाग पुढे दिसतो. पतसंस्थेत चक्रवाढ व्याजाने पैसे ठेवले असतील, तर एका दिवसाच्या शिलकेवरून व्याजाचा दर कळत नाही. दोन दिवसांच्या शिलका आणि मधला काळ माहीत असला, की दर निघतो. खातं कधी उघडलं हे माहीत नसलं तरी चालतं! गर्भाच्या बाहेरच्या थराचं तसंच आहे. त्याच्या आतल्या बाजूच्या पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा वाढतात आणि बाहेरच्या थरात मिसळत जातात. बाहेरचा थर स्वतः विभागत नाही, फक्त संप्रेरक सोडतो. जितका थर मोठा, तितकं एचसीजी जास्त. सुरुवातीच्या काही आठवड्यांत ही वाढ चक्रवाढीच्या हिशोबानेच होते, त्यामुळे पाळीची तारीख चुकली तरी दोन आकड्यांचं गुणोत्तर फारसं चुकत नाही. पुढे वेग मंदावतो, साधारण आठव्या ते अकराव्या आठवड्यात आकडा शिखर गाठतो आणि मग उतरतो. तिसऱ्या महिन्यात 'बीटा डबल होत नाही' म्हणून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दुप्पट व्हायला लागणारा काळ असा काढतात:

```
T = t × log(2) / log(b2 / b1)
```

इथे `t` म्हणजे दोन रक्तनमुन्यांमधले तास, `b1` पहिला आकडा आणि `b2` दुसरा. लॉगरिदम नकोसा वाटला तर सोडून द्या, 48 तासांत किती टक्के वाढ झाली एवढं पाहिलं तरी काम भागतं.

पण किती टक्के वाढली म्हणजे पुरे? 'डबलच पाहिजे' हा नियम कधीच नव्हता. 1981 साली निकोलस कादर आणि सहकाऱ्यांनी 48 तासांत किमान 66 टक्के वाढ अशी रेघ आखली, आणि ती पुढे पाठ्यपुस्तकांत बसली. ती अवघ्या वीस स्त्रियांच्या रक्तावरून काढलेली होती, आणि आखतानाच अशी होती की निरोगी गर्भांपैकी शंभरातले पंधरा तिच्या खाली पडतील. 2004 मध्ये कर्ट बार्नहार्ट यांच्या गटाने बरीच जास्त उदाहरणं घेऊन पाहिलं. टिकलेल्या गर्भांत दोन दिवसांतली मधली वाढ दुपटीहून थोडी जास्त निघाली, पण सगळ्यात हळू वाढणारा निरोगी गर्भ 53 टक्क्यांवरही होता. पुढे असंही दिसलं की पहिला आकडाच मोठा असेल तर अपेक्षा आणखी कमी ठेवायला हवी. म्हणून आता पहिला आकडा 1500 च्या आत असेल तर किमान 49 टक्के, 1500 ते 3000 असेल तर 40 टक्के आणि त्यावर 33 टक्के, असं धरतात. याहून हळू वाढणारा निरोगी गर्भ शंभरात एखादाच.

या हिशोबाने 420 वरून 690, म्हणजे 64 टक्के वाढ. डबल नाही, पण 49 च्या बरीच वर. त्या तरुणाला मी एवढं सांगून घरी पाठवू शकलो असतो. पण दोन रिपोर्ट दोन लॅबचे होते.

यंत्रात प्रतिपिंडांची एक जोडी असते. एक बीटाला पकडून ठेवतो, दुसरा त्याला चिकटून प्रकाश देतो, आणि प्रकाश मोजून आकडा काढतात. प्रत्येक कंपनीचे प्रतिपिंड वेगळे, बीटाचा पकडायचा भागही वेगळा, त्यामुळे एकाच रक्ताचे आकडे दोन यंत्रांवर निराळे येतात. हा फरक लॅबची चूक नव्हे. पण गुणोत्तर काढायला बसलं की तो थेट उत्तरात शिरतो. आमच्या सीमाभागात हे रोजचं आहे. सासर कर्नाटकात, माहेर महाराष्ट्रात, पहिलं रक्त बेळगावात आणि दुसरं गडहिंग्लज नाहीतर कोल्हापुरात. "रक्त तेच आहे की, लॅबनं काय फरक पडतोय?" असं तोही म्हणाला. मी म्हटलं, "वहिनींना शुक्रवारी सकाळी नऊला इथेच घेऊन या."

शुक्रवारी आमच्या यंत्रावर आकडा आला 800. गडहिंग्लजच्या 690 शी तुलना केली तर वाढ फक्त 16 टक्के. आधी 64, मग 16, असा वेडावाकडा आलेख. पण त्याच यंत्रावरचे सोमवार आणि शुक्रवारचे आकडे घेतले तर चित्र सरळ होतं. 96 तासांत 420 चे 800, म्हणजे दर 48 तासांना सुमारे 38 टक्के, आणि दुप्पट व्हायला साधारण 103 तास. आमच्याच यंत्रावर बुधवारी रक्त घेतलं असतं तर ते 580 च्या आसपास आलं असतं. बुधवारचं समाधान दोन यंत्रांच्या फरकातून आलेलं होतं.

वाढ हळू म्हणजे काय? एवढंच, की बाहेरचा थर हळू वाढतोय. का, ते आकडा सांगत नाही. गर्भाशयातच असलेला पण न टिकणारा गर्भ असेल तर पेशींचं विभाजनच अडखळतं. गर्भ बीजवाहिनीत, म्हणजे ट्यूबमध्ये रुजला असेल, तर तिथे गर्भाशयासारखं जाड अस्तर नसतं, पोषणाची सोय तुटपुंजी असते आणि थर नीट पसरत नाही. रक्तात दोन्हीचा आकडा सारखाच दिसतो. उलटही खरं आहे. ट्यूबमधल्या सुमारे पाचातल्या एका गर्भाचा बीटा अगदी निरोगी गर्भासारखा वाढतो. म्हणून एका बाजूला पोटात दुखणं, खांद्याच्या टोकाला कळ किंवा चक्कर येणं असेल, तर आकडा कितीही गोड असला तरी दवाखाना त्याच वेळी गाठायचा. ट्यूब कमी आकड्यावरही फुटते.

गर्भ कुठे आहे, हे सोनोग्राफी सांगते, पण तिलाही वेळ यावी लागते. शुक्रवारच्या सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं दिसलं आणि घरात रडारड झाली. खरं तर 800 वर निरोगी गर्भही बहुधा दिसत नाही. पूर्वी 1500 ते 2000 ला गर्भाभोवतीची पिशवी दिसायलाच हवी असं मानत. आता निरोगी गर्भावर घाईने उपचार होऊ नयेत म्हणून बरेच डॉक्टर 3500 पर्यंत थांबतात.

थांबण्याच्या त्या तीन दिवसांत घरातल्यांनी कारणं शोधून ठेवली. गडहिंग्लजच्या बसमध्ये धक्के बसले, माहेरी पपई खाल्ली, कुणाची तरी नजर लागली. मावशीबाईंनी दंडाला दोरा बांधला, आणि कुणीतरी 'बीटा वाढवायच्या गोळ्या' विचारायला मेडिकलमध्ये गेलं. अशा गोळ्या नसतात. प्रोजेस्टेरॉनची गोळी बीटाचा आकडा वाढवत नाही. एचसीजीचंच इंजेक्शन घेतलं तर आकडा वाढतो खरा, पण तो सुईतला असतो, गर्भाचा नव्हे. आणि बसच्या धक्क्याने गर्भ ट्यूबमध्ये जात नाही. तो तिथे रुजतो तेव्हा त्या बाईची पाळीसुद्धा चुकलेली नसते.

सोमवारी आकडा 1290. या वेळच्या सोनोग्राफीत उजव्या अंडाशयाशेजारी दोन सेंटिमीटरची गाठ दिसली, म्हणजे गर्भ ट्यूबमध्ये रुजला होता. ठोके नव्हते. पोटात रक्त नव्हतं, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या ठीक होत्या, म्हणून डॉक्टरांनी शस्त्रक्रियेऐवजी मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन निवडलं. हे औषध झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना अडवतं. चौथ्या दिवशी आकडा 1460 झाला आणि तो तरुण पुन्हा धावत आला. पण चौथ्या दिवशी आकडा थोडा वाढणं नेहमीचंच. कसोटी असते ती चौथ्या ते सातव्या दिवसात किमान 15 टक्के घट होण्याची. सातव्या दिवशी 1110 आला, म्हणजे 24 टक्के घट.

मग दर आठवड्याला एकदा रक्त, त्याच लॅबमध्ये, त्याच यंत्रावर. 1110 पासून 5 च्या खाली यायला 31 दिवस लागले, म्हणजे आकडा साधारण चार दिवसांना निम्मा होत गेला. शरीरात नवं एचसीजी मुळीच तयार होत नसतं, तर तो साधारण दीड दिवसात निम्मा झाला असता. म्हणजे इंजेक्शननंतरही ट्यूबमधल्या उरलेल्या पेशी काही आठवडे थोडं थोडं एचसीजी सोडत होत्या, आणि म्हणूनच पहिली घट दिसल्यावर तपासण्या थांबवल्या नाहीत.