फोटोतला अमिबा खरा की पाचोळा?

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या तळ्यातलं पाणी भाच्यानं बाटलीत भरलं, शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, मोबाइल लावून काढलेला फोटो मला पाठवला. खाली एकच ओळ होती: "मामा, ह्यातला अमिबा कुठला ते सांगा की."

फोटोत चार गोष्टी होत्या. हिरवा दोरा, चपलेच्या तळव्यासारखं काहीतरी, एक काळ्या जाड कडेचं गोल आणि एक वेडावाकडा तपकिरी ठिपका. तो ठिपका म्हणजेच अमिबा, असं भाच्यानं ठरवून टाकलं होतं.

नाव ठेवण्याआधी मी मोजमाप करतो. आयपीसवर बऱ्याचदा १८ असा आकडा कोरलेला असतो. त्याला खालच्या, काचेजवळच्या भिंगावरच्या आकड्यानं भागलं की दिसणाऱ्या वर्तुळाची खरी रुंदी मिलिमीटरमध्ये मिळते. भाच्यानं १० चं भिंग वापरलं होतं, म्हणजे रुंदी १.८ मिलिमीटर. आकडा नसेल तर पारदर्शक पट्टी भिंगाखाली ठेवून रेघा मोजायच्या. माझ्या स्क्रीनवर ते वर्तुळ ६० मिलिमीटर रुंद भरलं, म्हणजे स्क्रीनवरचा एक मिलिमीटर प्रत्यक्षात ०.०३ मिलिमीटर. यासाठी फोटोत वर्तुळ पूर्ण दिसायला हवं. झूम करून कापलेल्या फोटोवर हा हिशेब चालत नाही.

काळ्या कडेचं गोल आधी बाजूला काढलं. इतकी रेखीव, जाड काळी कड असली आणि आत काहीच नसलं तर तो हवेचा बुडबुडा. नवख्यांच्या फोटोत हमखास असतो.

हिरवा दोरा सोपा होता. डब्याला डबा जोडावा तशा लांबट पेशी एकापुढे एक, आणि प्रत्येकीत मळसूत्रासारखी गुंडाळलेली हिरवी फीत. ती फीत म्हणजे हरितलवक, आणि हे शेवाळ म्हणजे स्पायरोगायरा. तळ्यात हात घातला की बुळबुळीत केसांसारखं हाताला लागतं तेच. पण हिरवं ते शेवाळ, असं मात्र समजू नये. पॅरामेशियम या एकपेशीय जिवाची एक जात स्वतःच्या शरीरात हिरवं शेवाळ पाळते आणि त्यामुळे हिरवी दिसते. म्हणून रंगाच्या आधी आकार बघावा.

आता चप्पल. लांबी स्क्रीनवर ८ मिलिमीटर, म्हणजे खरी ०.२४. पॅरामेशियमच्या नेहमीच्या जातीला ही बसते. पुढचं टोक बोथट, मागचं निमुळतं, आणि पुढून मध्यापर्यंत गेलेली तिरकी खाच, जिच्यातून अन्न आत जातं. शरीरभर बारीक केसांसारख्या पक्ष्माभिका असतात, पण १० च्या भिंगातून त्या दिसत नाहीत. तेव्हा 'केस नाहीत म्हणून पॅरामेशियम नाही' म्हणणं चूक. त्यापेक्षा चांगली खूण म्हणजे दोन टोकांजवळच्या दोन आकुंचनशील रिक्तिका. आत शिरलेलं जादा पाणी त्या बाहेर टाकतात. भरताना भोवतीच्या नळ्यांमुळे चांदणीसारख्या दिसतात, रिकाम्या झाल्या की नाहीशा होतात. दोन्ही एकाच वेळी भरत नाहीत, म्हणून फोटोत एकच चांदणी दिसणं अगदी शक्य आहे. भाच्याच्या फोटोत तसंच होतं. खाच किंवा चांदणी दोन्ही नसती तर मी 'पक्ष्माभिका असलेला कुठलातरी एकपेशीय जीव' एवढंच म्हटलं असतं.

राहिला तपकिरी ठिपका. लांबी ०.३ मिलिमीटर, म्हणजे मोठ्या अमिबाच्या मापात बसणारी! इथं मापाचा उपयोग संपला. आकाराचाही फारसा नाही, कारण अमिबाला ठरलेला आकारच नसतो. मग कड बघायची. अमिबाच्या कडेला काचेसारखा स्वच्छ थर असतो आणि आत दाणेदार, करडा गर. पुढे सरकणारे छद्मपाद बोथट, बोटांसारखे असतात. आत एक केंद्रक आणि एक साधी गोल रिक्तिका. या ठिपक्याची कड मात्र फाटक्या कापडासारखी, रंग सगळीकडे सारखाच मातकट.

तरी एका फोटोवर निकाल देणं मला पटेना. "काच न हलवता दोन मिनिटांनी परत काढ," असं कळवलं. दुसऱ्या फोटोत चप्पल भलतीकडे गेली होती, ठिपक्याची कड तशीच्या तशी. अमिबा कधीकधी आखडून गप्प बसतो, हे खरं, पण तेव्हा तो गोळा होतो, असा फाटका पसरत नाही. म्हणजे हा कुजलेल्या पानाचा तुकडा.

चूक पाणी घेण्यातच होती. भाच्यानं वरचं पाणी भरलं होतं, आणि अमिबा सापडतो तो तळाच्या गाळावर, कुजक्या पानांच्या खालच्या बाजूला. पुढच्या वेळी त्यानं ड्रॉपरनं काठाजवळच्या पानावरचा गाळ ओढला, बशीत तासभर निवळू दिला आणि तळाचा एकच थेंब काचेवर घेतला. चौथ्या थेंबात करडं काही दिसलं. दोन मिनिटांच्या अंतरानं दोन फोटो आले. पहिल्यात डावीकडे एक बोट होतं, दुसऱ्यात ते आत ओढलेलं आणि वर नवीन फुटलेलं.