आधी मजुरी, मग किंमत: विदर्भातल्या हातमागाची नव्वद वर्षांची वाट

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी-आंधळगावच्या पट्ट्यात काठावर करवतीसारखे दाते असलेली करवती साडी विणणारा एखादा गट आज योजना करायला बसला की पहिला प्रश्न बहुधा असाच येतो: "बाजारात भाव काय चाललाय?" भावातून सूत, रंग आणि वाहतूक वजा होते आणि उरेल ती मजुरी ठरते. हा हिशेब उलटा आहे, असे 1935 सालीच वर्ध्यात सांगितले गेले होते.

त्याआधीचा काळ थोडक्यात असा. 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीचे सूत मिळू लागले तशी हातसुताची चाल मागे पडली. कोष्टी विणकर मागावर टिकून राहिला, पण सुतासाठी व्यापाऱ्याचा बांधील झाला. सूत उधारीवर घ्यायचे आणि कापड त्यालाच द्यायचे, अशी ती रीत होती.

डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे कार्यालय वर्ध्याच्या मगनवाडीत होते आणि कामकाज जे. सी. कुमारप्पा पाहत होते. पुढच्याच वर्षी संघाने ठराव केला की आठ तास नीट काम करणाऱ्याला पोटभर सकस अन्न मिळेल एवढी किमान मजुरी द्यायची, मग मालाची किंमत काहीही होवो. कातणाऱ्या बाईला आठ तासांचे आठ आणे मिळावेत, असे गांधीजींचे म्हणणे होते. प्रत्यक्षात सुरुवात त्याहून बऱ्याच कमी दराने झाली. खादी महागली आणि विक्री बसेल अशी धास्ती कार्यकर्त्यांनी बोलून दाखवली. त्याच सुमारास वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबा फक्त कताईच्या मजुरीवर जगून पाहत होते. दर योग्य आहे की नाही, याची याहून चोख परीक्षा मला तरी दुसरी सुचत नाही.

स्वातंत्र्यानंतर हे तत्त्व मागे पडले. 1971 मध्ये महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळ स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय नागपुरात आले. महामंडळाने सूत द्यायचे, कापड घ्यायचे आणि मजुरी द्यायची, या पद्धतीने अनेक घरे चालली, हे मान्यच करायला हवे. पण 1976 पासूनच्या जनता कापड योजनेत स्वस्त, साधे कापड विणायचे होते. नक्षीला तिथे वाव नव्हता, गिऱ्हाईकही दिसत नव्हते. योजना आटोपली तेव्हा विणकराकडे माग होता, पण किंमत ठरवण्याची सवय उरली नव्हती. शिवाय सरकारी सवलतीमुळे लोक हातमागाचा माल सवलतीच्या दिवसांतच घ्यायला शिकले होते.

हे ध्यानात ठेवून आजच्या करवती साडीचा हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. मागावर सहा दिवस जातात, ताणा, पाजणी आणि कांड्या भरण्यात दोन. हे दोन दिवस बहुतेक घरांत बायका काम करतात आणि हिशेबात ते धरलेच जात नाहीत, म्हणून ते आधी धरायचे. रोज 500 रुपये धरले तर मजुरी 4000 होते. टसर व सुती सूत 2500, रंग आणि वाहतूक 200, मागाची दुरुस्ती व वाया गेलेले सूत 300. बेरीज 7000. गटाच्या निधीसाठी दहा टक्के धरले की 7700.

पण ही विक्रीची किंमत नव्हे. प्रदर्शनात गाळ्याचे भाडे, प्रवास आणि मुक्काम असतो. ऑनलाइन विक्रीत कमिशन, कुरिअर आणि परत आलेली साडी. दुकानदारही आपला वाटा मागतो. छापील किमतीच्या तीस टक्के या सगळ्यासाठी ठेवायचे तर साडी 11,000 ची होते. तीस टक्के गेले तरी 7700 हातात येतात. किंमत तिन्ही ठिकाणी एकच हवी, नाहीतर गिऱ्हाईक मोबाइलवर भाव पाहून प्रदर्शनात घासाघीस करते. आणि सणाला वीस टक्के सूट दिली तर 8800 उरतात. त्यातून 7700 वजा केले की विक्रीच्या खर्चाला फक्त 1100 मिळतात. खर्च त्याहून वाढला की आधी निधी जातो, मग मजुरी. सूट देण्यापूर्वी ही वजाबाकी गटाने बैठकीत करावी.

11,000 रुपये का द्यावेत, याचे उत्तर नक्षीत आहे. खऱ्या करवती साडीत तीन धोटे चालतात. काठाचे आणि अंगाचे सूत एकमेकांत अडकवून करवतीचे दाते उठतात, त्यामुळे साडी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. छापील काठ उलट्या बाजूला फिका पडतो आणि यंत्रमागावरच्या नकलेत मागे सुटे धागे लोंबतात. ऑनलाइन विक्रीसाठी पहिला फोटो म्हणून काठाची उलटी बाजू जवळून टिपलेली असावी. नवी नक्षी करताना रंग, काठाची रुंदी आणि पदर बदलावा, दाते तसेच ठेवावेत. हे बदल करायला नागपूरच्या विणकर सेवा केंद्राची मदत घेता येते. नव्या नक्षीच्या दोनच साड्या आधी विणाव्यात आणि किती दिवस लागले ते वहीत लिहावे. सहाचे आठ दिवस झाले तर मजुरी 1000 रुपयांनी वाढली, आणि छापील किंमतही त्याच दिवशी बदलायला हवी.