वृत्तचिती वितळवून गोल बनवणे

भरीव धातूची एक आकृती वितळवून तिच्यापासून दुसऱ्या आकाराच्या वस्तू ओतल्यास किती वस्तू होतील, हे दोन्हीकडील घनफळे समान मानून काढण्याची रीत. वृत्तचितीपासून लहान गोल हे तिचे नेहमीचे रूप. धातू तोच राहतो आणि आकार तेवढा बदलतो, एवढ्याच आधारावर हे गणित उभे आहे.

वृत्तचितीच्या तळाची त्रिज्या R, उंची H आणि प्रत्येक गोलाची त्रिज्या r मानल्यास वृत्तचितीचे घनफळ πR²H व एका गोलाचे (4/3)πr³ होते. पहिल्याला दुसऱ्याने भागले की गोलांची संख्या मिळते : n = 3R²H / 4r³. भागाकारात π उडून जातो, म्हणून त्याची किंमत शेवटपर्यंत घालू नये.

समजा वृत्तचितीचा व्यास ८ सेंमी व उंची १५ सेंमी आहे आणि २ सेंमी व्यासाचे गोल ओतायचे आहेत. त्रिज्या ४ व १ धरल्यास वृत्तचितीचे घनफळ २४०π घन सेंमी येते आणि गोल बरोबर १८० होतात. हेच उदाहरण π ची किंमत घालून सोडवताना एकीकडे ३.१४ आणि दुसरीकडे २२/७ घेतले, तर उत्तर सुमारे १७९.८ येते, अपुरा गोल सोडून द्यायचा या नियमाने १७९ लिहिले जातात आणि एक गोल विनाकारण हरवतो. व्यास हाच त्रिज्या समजण्याची चूक अधिक फसवी आहे. ती दोन्ही आकृतींत केल्यास अंश चौपट व छेद आठपट होऊन ९० हे नीटस पूर्णांक उत्तर येते, त्यामुळे संशय येत नाही. पडताळा उलट बाजूने घ्यावा : ९० गोलांचे घनफळ १२०π, म्हणजे मूळ धातूच्या निम्मेच भरते.

गोलाच्या घनफळाचे सूत्र चुकले तर ही सगळी रीतच कोसळते. वृत्तचितीत नेमका बसणारा गोल तिच्या घनफळाच्या दोन-तृतीयांश असतो, हे आर्किमिडीज याने इ. स. पू. तिसऱ्या शतकात सिद्ध केले. भारतीय परंपरेतील वाटचाल वादग्रस्त आहे. आर्यभटाने (४९९) वर्तुळाच्या क्षेत्रफळाला त्याच क्षेत्रफळाच्या वर्गमूळाने गुणावे असा नियम दिला आणि तो ‘निरवशेष’, म्हणजे तंतोतंत, म्हटला. या नियमाने १ सेंमी त्रिज्येच्या गोलाचे घनफळ ४.१९ ऐवजी ५.५७ घन सेंमीच्या आसपास येते. वरील वृत्तचितीतून मग जेमतेम १३५ गोल होतील असे गणित सांगेल, तर प्रत्यक्षात आणखी ४५ गोलांचा धातू शिल्लक दिसेल. या ओळीचा अर्थ घनफळाऐवजी वेगळा लावून पाहण्याचे प्रयत्न झाले आहेत. तथापि पहिला भास्कर आपल्या टीकेत (६२९) ती घनफळाचीच मानतो, आणि तोच अर्थ अधिक सरळ वाटतो. त्याच टीकेत लोखंडी गोळ्यासाठी एक व्यावहारिक नियमही येतो : त्रिज्येच्या घनाच्या निम्म्याला ९ ने गुणावे. हा नियम सुमारे ७ टक्के जास्त दाखवतो, म्हणजे आर्यभटाच्या नियमापेक्षा सत्याच्या बराच जवळ आहे. दुसऱ्या भास्कराच्या ‘लीलावती’त (सुमारे ११५०) पृष्ठफळाला व्यासाने गुणून ६ ने भागावे हा अचूक नियम आढळतो.

ओतताना खरे तर वस्तुमान कायम राहते. घनफळे समान धरता येतात ती आधीची व नंतरची घन स्थिती, तापमान आणि घनता सारखी असेल तेव्हाच. बहुतेक धातू गोठताना आकसतात, त्यामुळे साचा अंतिम गोलापेक्षा किंचित मोठा लागतो. गोळ्यात पोकळी राहिली तर मोजलेले घनफळ फसवे ठरते. वितळलेल्या धातूवर साचणारी मळी काढून टाकल्याने धातूही थोडा घटतो. म्हणून १८० ही कमाल मर्यादा समजावी. उत्तर अपूर्णांकात आले तर ते खालच्या पूर्णांकावर आणावे : वरच्याच वृत्तचितीतून २.१ सेंमी व्यासाचे १५५ गोल होऊन साधारण अर्ध्या गोलाइतका धातू उरतो.

पृष्ठफळ मात्र या व्यवहारात टिकत नाही. वरील वृत्तचितीचे एकूण पृष्ठफळ १५२π चौ. सेंमी, तर १८० गोलांचे ७२०π, म्हणजे पावणेपाच पटींच्या जवळ. गोलांना मुलामा द्यायचा असल्यास त्याचा हिशेब या दुसऱ्या आकड्यावरून करावा लागतो. पोकळ वृत्तचितीसाठी R² च्या जागी बाहेरील व आतील त्रिज्यांच्या वर्गांतील फरक घ्यावा. बाकी रीत तीच.