खिडकी कर आणि मीठ कर

घराला किती खिडक्या आहेत हे मोजून बसवलेला कर म्हणजे खिडकी कर. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो १६९६ ते १८५१ अशी दीडशेहून अधिक वर्षे चालला. फ्रान्समध्ये दारे-खिडक्यांवरचा असाच कर १७९८ मध्ये आला आणि थेट १९२६ पर्यंत टिकला. कराचा आकडा जिथे एकदम उडी घेतो, तिथे लोक त्या उडीच्या अलीकडे येऊन थांबतात. हे इतके स्पष्ट दाखवणारी दुसरी जुनी नोंद सापडणे कठीण, कारण इथे लोकांनी घेतलेला निर्णय विटा-चुन्याने भिंतीवरच लिहून ठेवला आहे. मीठ करात लोक वेगळे वागले. त्याचे कारण या नोंदीच्या उत्तरार्धात येते.

खिडकीच का?

इंग्लंडमध्ये १६६२ पासून चुलींवर कर होता. चुली मोजायच्या तर सरकारी माणसाला घरात, अगदी माजघरापर्यंत शिरावे लागे. लोकांना ते असह्य झाले आणि १६८९ मध्ये तो कर रद्द झाला. पुढे १६९६ मध्ये कडा कातरून हलक्या केलेल्या चांदीच्या नाण्यांमुळे तिजोरीत आलेली तूट भरून काढायची होती. खिडक्या रस्त्यावर उभे राहून मोजता येतात, घरात पाऊल टाकावे लागत नाही, आणि मोठ्या घराला खिडक्या जास्त असणारच. म्हणजे श्रीमंताला जास्त भरावे लागेल, असा हिशोब मांडला गेला. हा शेवटचा अंदाज किती कच्चा होता हे ॲडम स्मिथने पुढे दाखवून दिले. खेड्यातल्या वर्षाला दहा पौंड भाड्याच्या घराला लंडनमधल्या पाचशे पौंड भाड्याच्या घराहून जास्त खिडक्या असू शकतात, कारण खेड्यातले घर पसरट असते.

सुरुवातीचे दर सरळ होते. प्रत्येक घराला दोन शिलिंग, दहा ते वीस खिडक्या असतील तर वर चार शिलिंग, आणि त्याहून जास्त असतील तर आठ शिलिंग. कर घरमालकाने नव्हे तर त्यात राहणाऱ्याने भरायचा.

पायऱ्यांचा हिशोब

खरी गंमत १७४७ च्या बदलात आहे. घरामागचे दोन शिलिंग कायम राहिले, पण वरचा कर आता दर खिडकीमागे लागू झाला. नऊ खिडक्यांपर्यंत काहीच नाही. दहा ते चौदा खिडक्या असतील तर प्रत्येक खिडकीला सहा पेन्स, पंधरा ते एकोणीस असतील तर नऊ पेन्स, आणि वीस किंवा अधिक असतील तर बारा पेन्स, म्हणजे एक शिलिंग. यातला कळीचा शब्द 'प्रत्येक' हा आहे. वरचा दर केवळ वाढीव खिडक्यांना नाही, तर पहिल्या खिडकीपासून सगळ्यांना लागे.

एक घर घेऊ. त्याला दहा खिडक्या आहेत. दहा गुणिले सहा, म्हणजे साठ पेन्स, म्हणजे पाच शिलिंग कर. जिन्यावरची एक खिडकी बुजवली की खिडक्या नऊ होतात आणि हे पाचही शिलिंग वाचतात. त्या काळी शेतमजुराची दिवसाची मजुरी एका शिलिंगाच्या आसपास होती, त्यामुळे एका खिडकीपायी दरवर्षी जवळजवळ पाच दिवसांची मजुरी जात होती. आता अकरा खिडक्यांचे घर पाहा. तिथे एक खिडकी बुजवून फक्त सहा पेन्स वाचतात. पूर्ण कर टाळायचा तर दोन बुजवाव्या लागतात. पंधरा खिडक्यांच्या घराला अकरा शिलिंग तीन पेन्स पडत, चौदांच्या घराला सात शिलिंग. म्हणजे पंधरावी खिडकी चार शिलिंग तीन पेन्सला पडे. वीस खिडक्यांना वीस शिलिंग आणि एकोणीसांना चौदा शिलिंग तीन पेन्स. इथली एक खिडकी सगळ्यात महाग.

मग अपेक्षा काय करावी? नऊ, चौदा आणि एकोणीस खिडक्यांची घरे गरजेपेक्षा फार जास्त दिसायला हवीत, आणि दहा, पंधरा, वीस खिडक्यांची फार थोडी. वॉलेस ओट्स आणि रॉबर्ट श्वाब या अर्थशास्त्रज्ञांनी श्रॉपशरमधल्या लडलो गावाच्या १७४७ ते १७५७ मधल्या करनोंदी तपासल्या, तेव्हा नेमके हेच आढळले. नऊ खिडक्यांची घरे आठ किंवा दहा खिडक्यांच्या घरांच्या कितीतरी पट निघाली. पुढे १७६६ मध्ये सूट सात खिडक्यांपासूनच संपू लागली, तेव्हा सात खिडक्यांच्या घरांची संख्या जवळजवळ दोन तृतीयांशांनी घटली.

यातली हानी दुहेरी आहे, आणि तिच्याकडे लक्ष सहसा जात नाही. नऊ खिडक्यांवर थांबलेल्या माणसाने सरकारला खिडक्यांपोटी काहीच दिले नाही. पण त्याने एक उजेडाची जागा मात्र गमावली. तो उजेड कुणाच्याच पदरात पडला नाही. अर्थशास्त्रात याला कराचा अतिरिक्त भार म्हणतात. तो तिजोरीच्या हिशोबवहीत कधीच दिसत नाही, कारण तिथे फक्त आलेला पैसा लिहितात.

पळवाटा आणि त्यांवरचे कायदे

लोकांनी आधी स्वस्त वाट धरली. मोजणारा येण्याच्या सुमारास खिडकीला फळ्या किंवा सुटे दगड लावायचे आणि तो गेला की काढून टाकायचे. १७४७ च्या कायद्याने हे बंद केले. खिडकी बुजवली असे मानायचे तर ती दगड-विटांनी किंवा त्या भिंतीच्याच मालमसाल्याने पक्की बुजवलेली हवी, आणि नंतर न कळवता उघडली तर वीस शिलिंग दंड. दोन खिडक्या एका चौकटीत बसवून त्या एकच म्हणून दाखवण्याचीही युक्ती होती. म्हणून मधला खांब बारा इंचांहून रुंद असेल तर त्या दोन मोजायच्या, असा नियम आला. दूध आणि चीज ठेवण्याच्या खोल्यांना सूट मिळाली, पण त्या खिडकीत काच नको, फक्त लाकडी पट्ट्या किंवा लोखंडी गज हवेत, आणि वर ठळक रोमन अक्षरांत खोलीचे नाव लिहिलेले हवे. इंग्लंडमधल्या काही जुन्या शेतघरांवर ही अक्षरे अजून वाचता येतात.

सगळ्यात वाईट घाव गरिबांवर बसला, आणि तोही कायद्याच्या एका साध्या व्याख्येमुळे. खोल्या वेगवेगळ्या कुटुंबांना भाड्याने दिलेल्या असल्या तरी सगळी इमारत एकच घर धरली जाई. त्यामुळे खिडक्यांची बेरीज वरच्या दरात जाई आणि अशा इमारतीत कर राहणाऱ्यांऐवजी मालकाला भरावा लागे. मालकाला त्या खोलीत राहायचे नव्हते. त्याला खिडकी बुजवणे फायद्याचे होते. कार्लाइल गावात १७८१ मध्ये तापाची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन हेशम यांनी साथ जिथून सुरू झाली त्या घराचे वर्णन लिहून ठेवले आहे. तिथे सहाएक फार गरीब कुटुंबे राहत होती, कर कमी व्हावा म्हणून शक्य ती प्रत्येक खिडकी बांधून टाकली होती, आणि आत हवाच खेळत नव्हती. एकोणिसाव्या शतकात आरोग्यसुधारक आणि डॉक्टर याच मुद्द्यावर कराविरुद्ध उभे राहिले. १८५१ मध्ये कर गेला आणि त्याच्या जागी घराच्या किमतीवरचा कर आला.

भिंत कशी वाचावी

इंग्लंडमधली प्रत्येक बुजलेली खिडकी कर वाचवण्यासाठीच बुजवली, असे सांगणाऱ्या पाट्या आणि मार्गदर्शक पुष्कळ भेटतात. ते खरे नाही. दर्शनी भाग दोन्हीकडे सारखा दिसावा म्हणून, किंवा मागे धुराडे आले म्हणून, मुळातच खोटी खिडकी बांधण्याची पद्धत होती. फरक जवळ जाऊन पाहिला की कळतो. मागाहून बुजवलेल्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत सरळ उभी सांध असते, आतल्या विटांचे थर बाहेरच्या भिंतीच्या थरांशी जुळत नाहीत, विटेचा रंग किंवा चुना वेगळा असतो. मूळच्या खोट्या खिडकीत थर बाजूच्या भिंतीत गुंफलेले असतात. सांध सापडली तरी ती खिडकी बुजवली एवढेच सिद्ध होते. का बुजवली, हे त्या घराच्या करनोंदीवरूनच ठरते.

मीठ बुजवता येत नाही

खिडकी कमी करता येते, मीठ करता येत नाही. माणसाला आणि जनावराला ते लागतेच. त्यामुळे मीठ करात लोकांनी मिठाचे प्रमाण नव्हे तर वाट बदलली, म्हणजे स्वस्त मिठाच्या प्रदेशातून महाग मिठाच्या प्रदेशात ते गुपचूप नेले. फ्रान्समध्ये क्रांतीपूर्वी ब्रिटनी प्रांताला मीठ कर माफ होता आणि शेजारच्या प्रांतांत मिठाचा भाव त्याच्या वीसपटीहून जास्त होता. साहजिकच त्या सीमेवर चोरटे मीठ वाहणे हा हजारो लोकांचा धंदा झाला. पाठीवर मिठाची पिशवी बांधून रात्री आपोआप घरी परतणारी शिकवलेली कुत्रीही त्यात होती.

हिंदुस्थानात हीच गोष्ट कुंपणाच्या रूपाने घडली. १८६९ मध्ये मुंबई आणि मद्रास इलाख्यांत मणामागे एक रुपया तेरा आणे मीठ कर होता, वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या बऱ्याच भागात, तीन रुपये आणि बंगालमध्ये तीन रुपये चार आणे. मण सुमारे ३७ किलोचा. म्हणजे मुंबईकडचे एक मण मीठ वायव्य प्रांतात पोचवले की नुसत्या कराच्या फरकात एक रुपया तीन आणे सुटत. शिवाय राजपुतान्यातल्या सांभर सरोवराचे मीठ इंग्रजांच्या हाताबाहेर होते. ते रोखायला कंपनीच्या काळापासून एक जकात रेषा उभी होती. १८७० च्या दशकात ती २,३०० मैलांहून लांब झाली आणि तिच्यावर बारा हजारांच्या आसपास माणसे तैनात होती. १८६७ पासून या जकात खात्याचा आयुक्त असलेल्या ए. ओ. ह्यूमने वाळलेल्या काट्यांच्या जागी जिवंत कुंपण वाढवण्यावर जोर दिला. बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशी त्यातली झाडे आपल्या रानातलीच आहेत. वाळलेले कुंपण वाळवीने आणि वणव्याने जात असे, दरवर्षी ते नव्याने घालायला गाड्याच्या गाड्या भरून काटे लागत. जिवंत कुंपणाला मात्र खडकाळ किंवा खाऱ्या जमिनीत मूळच धरता येत नसे, आणि तिथे परत सुके काटे किंवा दगडी भिंत.

हे कुंपण १ एप्रिल १८७९ रोजी सोडून दिले गेले, ते तस्कर थकले म्हणून नाही, तर मीठ वाहण्यात नफाच उरू नये अशी व्यवस्था झाली म्हणून. १८७० मध्ये सांभर सरोवर जयपूर-जोधपूरकडून भाड्याने घेऊन उगमच ताब्यात घेतला गेला, आणि दर जवळ आणले गेले. त्याची किंमत मुंबई आणि मद्रास इलाख्यांनी मोजली. बंगालचा कर उतरला, पण इथला एक रुपया तेरा आण्यांवरून अडीच रुपयांवर, म्हणजे मणामागे अकरा आण्यांनी चढला. हे घडले तेव्हा दख्खनेत १८७६ ते १८७८ चा दुष्काळ चालू होता. सगळ्या प्रांतांना सारखा दोन रुपये दर १८८२ मध्ये मिळाला. तरी समुद्रकाठच्या माणसालाही स्वतःच्या किनाऱ्यावर आपोआप धरलेले मीठ खरवडून घेणे गुन्हाच होता, आणि १९३० मध्ये शिरोड्याच्या सत्याग्रहाच्या वेळीही तो गुन्हाच होता.