जाहिरातीतील अटी आणि योग्य उमेदवार

‘जाहिरातीतच “धडधाकट तरुण मुले, वय १८ ते २५” असे लिहिले की नको ते अर्ज टळतात आणि कामाचा माणूस लवकर मिळतो.’

असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण हंगामात अर्ज चाळायला कोणालाच सवड नसते. तथापि वय आणि लिंग यांवरून कामाची क्षमता कळत नाही. अशा अटीने गाळले जातात ते काम येणारेही. देवगडकडील एखाद्या आंबा पॅकिंग केंद्राचे उदाहरण घेऊ. तेथे फळांची आकारानुसार प्रतवारी करायची असते, डागी फळ बाजूला काढायचे असते आणि भरलेल्या पेट्या टेम्पोपर्यंत न्यायच्या असतात. पहिल्या दोन कामांना सराईत नजर लागते, आणि ती वर्षानुवर्षे बागेत राबलेल्या पन्नाशीच्या बाईकडेही असते. वरील जाहिरात वाचून ती अर्जच करणार नाही.

पडताळणी सोपी आहे. प्रत्येक अटीपुढे ‘ही नसेल तर नेमके कोणते काम अडेल?’ हे लिहावे. ‘धडधाकट’च्या जागी ‘सुमारे वीस किलोची पेटी उचलावी लागेल’ असे येते, तेही केवळ चढ-उताराच्या पदासाठी. ‘स्वतःची बाईक हवी’च्या जागी ‘सकाळी सातला हजर राहावे लागेल’. टेम्पोचालकाला परवाना मात्र लागतोच, ती अट राहते. वयाच्या अटीपुढे बहुधा काहीच लिहिता येत नाही. कायद्याने ठरवलेले किमान वय तेवढे पाळावे. मजुरी आणि कामाचे तास छापावेत, आणि जाहिरातीचा कागद नाक्याइतकाच बचत गटाच्या बैठकीतही पोहोचवावा.